क्लायंटच्या जुन्या मजकुरातून व्हॉइस गाइड काढायचंय: १४० तुकडे वाचले, तरी नवं लेखन "आमच्यासारखं" होत नाहीये

केतकी_लिहिते (सोमवार, रात्री ९:१०)

घरगुती पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणारी आणि त्यांची देखभाल करणारी एक कंपनी माझी क्लायंट आहे. पुढच्या महिन्यापासून त्यांचं लेखन आम्ही तिघं मिळून करणार आहोत, म्हणून त्यांनी आधी व्हॉइस गाइड मागितलं. अट एकच घातली: नवीन काही शोधू नका, आमच्या जुन्या मजकुरातूनच काढा. सात वर्षांचा मजकूर हाती आला. ६२ ब्लॉग लेख, ३८ ईमेल, ॲपमधल्या सूचना आणि एसएमएस मिळून २५, आणि तक्रारींना पाठवायची १५ ठरीव उत्तरं. एकूण १४०.

सगळं वाचलं. वाचताना जे जाणवलं ते टिपत गेले आणि शेवटी तीन विशेषणं उरली: आपुलकीचा, विश्वासू, सोपा. प्रत्येकाखाली थोडं स्पष्टीकरण आणि एकेक उदाहरण, असं सहा पानी गाइड झालं. मग पडताळणी म्हणून फिल्टर बदलायची आठवण करून देणारा ईमेल दोन सहकाऱ्यांकडून लिहून घेतला. एकीने सुरुवात केली, "प्रिय ग्राहक, आपल्या आरोग्याची काळजी हीच आमची जबाबदारी." दुसऱ्याने केली, "अहो, फिल्टर बदलला का?" दोघांनीही गाइड मन लावून वाचलं होतं, आणि दोन्ही सुरुवातींना आपुलकीचं म्हणता येतं. क्लायंटने दोन्ही परत पाठवले. निरोप एवढाच: "चांगलं आहे, पण आमच्यासारखं वाटत नाही."

माझं वाचन कमी पडलं, की वाचनातून काढायची पद्धतच चुकली?

रंगरेषा (सोमवार, रात्री ९:४८)

माझ्याकडे अशा गाइडचा साचा तयार आहे, हवा तर पाठवतो. लोगोभोवती किती मोकळी जागा सोडायची, मुख्य रंग, दुय्यम रंग, मथळ्याचा फॉन्ट, मजकुराचा फॉन्ट, सगळं त्यात आहे. क्लायंट "आमच्यासारखं वाटत नाही" म्हणतो तेव्हा माझ्या अनुभवात फॉन्ट बदललेला असतो.

केतकी_लिहिते (सोमवार, रात्री ९:५५)

रंगरेषा, आभार, पण प्रश्न दिसण्याचा नाही, वाक्यांचा आहे. दोन्ही ईमेल मी त्यांना साध्या फाइलमध्ये पाठवले होते, लोगो नाही, रंग नाही.

अनुस्वार (सोमवार, रात्री १०:३०)

विशेषणांवर विसंबू नका, मोजा. सगळा मजकूर एका फाइलमध्ये टाका. शब्दांची वारंवारता काढा, वाक्याची सरासरी लांबी काढा. जे आकडे येतील तेच गाइड. मी एका क्लायंटसाठी हेच केलं होतं: सरासरी वाक्य ११ शब्दांचं निघालं, म्हणून नियम केला की वाक्य ११ शब्दांच्या वर जायचं नाही. वाद मिटला. स्क्रिप्ट अगदी लहान आहे:

```python
import re, collections
t = open("juna.txt", encoding="utf-8").read()
w = re.findall(r"\w+", t)
print(collections.Counter(w).most_common(50))
```

जुनी_वही (सोमवार, रात्री ११:२०)

केतकी, वाचन कमी पडलेलं नाही. तू १४० तुकडे एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाचलेस, तिथे गडबड झाली असावी. सात वर्षांचा मजकूर म्हणजे सहसा तीन-चार हात असतात. एखादा भाग भाषांतरित असतो, एखादा कायदा विभागाकडून आलेला. सगळ्यांची गोळाबेरीज केली की जे कुणाचंच नाही असं काहीतरी हाती लागतं. तुझी तीन विशेषणं तशीच आहेत. ती कुठल्याही कंपनीला चालतील.

आधी एक तक्ता कर. प्रत्येक तुकड्याची एक ओळ, आणि चारच रकाने: कधी लिहिलं, कुणी लिहिलं, कुठल्या प्रसंगासाठी, मूळ मराठी की भाषांतर. कुणी लिहिलं ते क्लायंटला विचारावं लागेल आणि ते म्हणतील आठवत नाही. तारखा दाखवून विचार, आठवतं.

मग गाइडचा एक शब्दही न लिहिता त्यांच्याकडे परत जा. दोन-तीन जणांना वेगवेगळं बसवून प्रत्येकाला हेच काम दे: "हे शंभर टक्के आमचं" अशी पंधरा-वीस आणि "हे आमचं नाही" अशी पाच निवडा. एकत्र बसवू नकोस, वरिष्ठ बोलले की बाकीचे माना डोलावतात. का निवडलं ते विचार, पण उत्तरावर फार भर देऊ नकोस. लोकांना का ते सांगता येत नाही, कुठलं वाक्य आवडलं ते मात्र दाखवता येतं. त्या वाक्याखाली रेघ मारायला सांग.

त्यानंतर तुकडे बाजूला ठेव आणि वाक्यं कामानुसार लाव. ग्राहकाला काहीतरी करायला सांगणारी वाक्यं एका पानावर, वाईट बातमी देणारी दुसऱ्या, सुरुवातीची तिसऱ्या. लेखाशेजारी लेख ठेवून विषयच दिसतात. एकच काम करणारी वाक्यं शेजारी आली की लिहिणाऱ्याची सवय दिसते.

अनुस्वार, मोजणीवर उद्या लिहिते. कामाची आहे, पण तिची जागा नंतर.

पाऊलखूण (मंगळवार, सकाळी ८:१५)

अनुस्वार, तुमची स्क्रिप्ट मराठीवर चालवून पाहिली होती का? पायथॉनच्या `re` मध्ये `\w` ला काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त अक्षर वाटत नाहीत. त्यामुळे "फिल्टर"चे तीन तुकडे होतात: फ, ल, टर. तुमच्या यादीत वरचे पन्नास "शब्द" एकेका अक्षराचे आले असतील.

अनुस्वार (मंगळवार, सकाळी ९:०२)

तुमचं बरोबर आहे. मी ती इंग्रजी मजकुरावर वापरली होती, मराठीवर आत्ता पहिल्यांदा चालवली आणि तेच झालं. देवनागरीचा पट्टा थेट दिला तर?

```python
w = re.findall(r"[\u0900-\u0963\u200d]+", t)
```

पाऊलखूण (मंगळवार, सकाळी ९:४०)

जवळपास. पण ॲ हे अक्षर त्या पट्ट्याच्या पुढे, `\u0972` वर आहे, म्हणजे "ॲप"मधला नुसता "प" उरेल. हे चालेल:

```python
w = re.findall(r"[\u0900-\u0963\u0971-\u097f\u200d]+", t)
```

आणखी एक. जुन्या मजकुरात "दुसऱ्या"मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो. डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला दोन. "ॲप"चंही तसंच, कुणी एकच अक्षर वापरतं, कुणी अ वर चंद्र देतं. मोजणीत एखादा शब्द अनपेक्षितपणे कमी आला, तर तो दुसऱ्या रूपात लपला आहे का ते आधी पाहा. आणि जुनी माहितीपत्रकं युनिकोडपूर्व फॉन्टमधली असली तर पीडीएफमधून नक्कल केल्यावर नुसता कचरा येतो. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी किंवा हाताने टाइप करावी लागतात.

मोकळी_ओळ (मंगळवार, दुपारी १:०५)

विशेषणांना अगदीच हद्दपार करू नका असं मला वाटतं. निल्सन नॉर्मन ग्रुपने २०१६ साली चार मोजपट्ट्या मांडल्या होत्या: गमतीदार की गंभीर, अनौपचारिक की औपचारिक, बेधडक की अदबशीर, उत्साही की नुसती माहिती देणारा. क्लायंटला चारही पट्ट्यांवर खूण करायला सांगा, गाइडचा सांगाडा तयार होतो.

जुनी_वही (मंगळवार, दुपारी २:३०)

मोकळी_ओळ, क्लायंटशी बोलणं सुरू करायला मीही त्या पट्ट्या वापरते. दोन भागीदारांनी वेगळ्या जागी खुणा केल्या की भांडण कुठे आहे ते लगेच कळतं. पण "अनौपचारिक, मधल्या खुणेच्या थोडं पुढे" एवढ्यावरून लेखकाला वाक्य लिहिता येत नाही. केतकीचे दोन ईमेल त्या पट्टीवर कदाचित एकाच जागी बसतील.

आता मोजणी. सरासरी वाक्य ११ शब्दांचं, म्हणून नियम ११ शब्दांचा, यात अडचण अशी की सरासरीइतकं लांब वाक्य त्या लेखकाने क्वचितच लिहिलेलं असतं. बरेच जण चार-पाच शब्दांची दोन वाक्यं लिहितात आणि मग वीस शब्दांचं एक. सरासरी दहाच्या आसपास येते आणि त्यांचा ठेका तर त्या चढउतारात असतो. सगळी वाक्यं दहाची केली की तो ठेका जातो. म्हणून आधी डोळ्यांनी सवय पकडायची, आणि ती खरोखर किती वेळा येते हे पाहायला मोजायचं. उलट्या क्रमाने केलं तर "आहे" हा सर्वांत लाडका शब्द निघतो.

केतकी_लिहिते (गुरुवार, संध्याकाळी ६:४०)

तक्ता केला. दोन दिवस गेले, पण चित्र पार बदललं.

तीन हात निघाले. पहिली तीन वर्षं संस्थापक स्वतः लिहीत होते, ४१ तुकडे. पुढची दोन वर्षं बाहेरच्या एका एजन्सीने लिहिलं, ५७ तुकडे, आणि त्यातले बहुतेक इंग्रजीवरून भाषांतरित. शेवटची दोन वर्षं ग्राहकसेवेतली एक कर्मचारी लिहितेय, ४२ तुकडे. कंपनीतल्या तिघांना वेगळं बसवून निवड करायला लावलं. तिघांच्याही यादीत आलेले १७ तुकडे निघाले: १२ संस्थापकांचे, ५ तिचे, एजन्सीचा एकही नाही. म्हणजे सर्वांत मोठा ढीग त्यांना आपला वाटतच नव्हता, आणि मी "विश्वासू" हे विशेषण त्याच ढिगातून उचललं होतं.

मग करायला सांगणारी वाक्यं एका पानावर लावली. फिल्टरबद्दलचीच तीन देते.

संस्थापक: "फिल्टर सहा महिन्यांनी बदला. त्याआधी बदलायची गरज नाही, पाणी थोडं हळू येत असलं तरी."

एजन्सी: "इष्टतम कार्यक्षमतेसाठी आपण आपला फिल्टर नियमितपणे बदलणे आवश्यक आहे."

कर्मचारी: "फिल्टर बदलायची वेळ झाली आहे. या आठवड्यात कधी येऊ?"

संस्थापकांची अशी वाक्यं एकाखाली एक वाचताना एक गोष्ट अचानक दिसली. काय करायचं ते सांगितलं की लगेच पुढे ते काय करायला नको ते सांगतात. "टाकी महिन्यातून एकदा धुवा, रोज धुवून फायदा नाही." "बिघाड झाला तर फोन करा, नुसता दिवा लुकलुकला तर करू नका." निवडलेल्या १२ पैकी ९ तुकड्यांत हे आहे. माझ्या पहिल्या वाचनात ते एकदाही टिपलं गेलं नव्हतं, कारण मी शब्द शोधत होते आणि हे शब्दांत नाहीच.

जुनी_वही (गुरुवार, रात्री ८:१५)

हे सापडलं म्हणजे गाइडचा कणा सापडला. आता ते विशेषणात परत कोंबू नकोस. "प्रामाणिक" असं लिहिलंस की पुन्हा तिघं तीन तऱ्हांनी लिहितील. जसं दिसलं तसं लिही: सूचना दिली की तिची मर्यादा सांगायची. खाली त्यांचंच वाक्य, आणि शेजारी एजन्सीचं वाक्य या तऱ्हेने बदलून.

जोडीतलं चुकीचं वाक्य मनाने रचू नकोस. बनवलेलं वाईट वाक्य इतकं वाईट असतं की कुणी तसं लिहिणारच नाही. खऱ्या ढिगातलं, वरवर बरं दिसणारं, पण त्यांनी बाजूला टाकलेलं वाक्य घे. लेखक नेमका तिथेच घसरतो.

शुद्धाक्षर (गुरुवार, रात्री ९:००)

मला वाटतं तुम्ही सगळे मूळ गोष्ट सोडताय. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं एकसारखी ठेवली की लेखन आपोआप एकसारखं वाटतं. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम जोडा, काम झालं.

पडद्यामागची (गुरुवार, रात्री ९:३५)

शुद्धाक्षर, नियमांची यादी हवीच, पण ती वेगळ्या पानावर. एजन्सीचं वरचं वाक्य शुद्धलेखनाने निर्दोष आहे, तरी कंपनीला ते आपलं वाटलं नाही. एका ठिकाणी मात्र तुमचा मुद्दा पक्का बसतो: असं की असे, केलं की केले. बोलल्यासारखं लिहायचं तर अनुस्वार, नाहीतर एकार, आणि नियमांत दोन्हींना जागा आहे. यातलं कुठलं घ्यायचं हे शुद्धलेखन ठरवत नाही, ते व्हॉइसमध्येच ठरतं. एकाच ईमेलमध्ये "तुमचं यंत्र तपासण्यात आले आहे" असं दिसलं की दोन हात फिरलेत हे वाचकालाही कळतं.

मी क्लायंटच्या बाजूला बसते, म्हणून एक सांगते. आम्हाला एकदा ४६ पानांचं गाइड मिळालं होतं. मेहनत खरी होती, पण रोज लिहिताना कुणीच ते उघडत नसे. शेवटी एका सहकाऱ्याने त्यातल्या जोड्या काढून दोन पानं केली आणि ती भिंतीवर लावली, तीच वापरली गेली. केतकी, तुमच्या सहा पानांतलं काय जाईल ते आत्ताच ठरवा.

केतकी_लिहिते (शुक्रवार, सकाळी १०:२०)

विशेषणांची तिन्ही पानं काढली. आता एक वेगळी अडचण दिसतेय. तक्रारींची १५ उत्तरं सगळीच्या सगळी एजन्सीची आहेत, म्हणजे बाद. वाईट बातमी, दिलगिरी, उशीर, यांचा एकही नमुना "आमच्या" ढिगात नाही. तिथे काय करायचं? संस्थापकांच्या ब्लॉगवरून अंदाज बांधायचा का?

जुनी_वही (शुक्रवार, सकाळी ११:४५)

अंदाज बांधू नकोस. कधी लिहिलंच गेलं नाही ते जुना मजकूर सांगू शकत नाही, आणि गाइडमध्ये ती जागा रिकामी आहे असं स्पष्ट लिहिणं हे अंदाजापेक्षा कितीतरी बरं. पण त्याआधी विचार: चिडलेल्या ग्राहकाला संस्थापकांनी स्वतःच्या फोनवरून कधी उत्तर दिलंय का? छापण्यासाठी लिहिलेलं नसतं तिथेच माणूस सगळ्यात स्वतःसारखा लिहितो. मिळालं तर नावं, नंबर, पत्ते त्यांच्याकडूनच खोडून घे, मगच हातात घे.

दुपारची_चाल (शुक्रवार, दुपारी १२:३०)

यात माझं घुसवतो. माझ्या क्लायंटकडे जुना मजकूरच नाही. तीन पानांची वेबसाइट, तीही मीच लिहिलेली. जे बोलतात ते छान बोलतात, लिहीत काहीच नाहीत. मी काय वाचू?

जुनी_वही (शुक्रवार, दुपारी १:१०)

त्यांचं बोलणं वाच. विक्रीच्या दोन-तीन संभाषणांचं, समोरच्याची परवानगी घेऊन, रेकॉर्डिंग कर आणि शब्दशः उतरवून काढ. "म्हणजे", "बघा ना" हे गाळू नकोस, नंतर गाळता येतं. ग्राहकाला ते पहिल्यांदा काय समजावतात आणि कुठे थांबतात ते बघ. स्वतः लिहिलेली तीन पानं मात्र पुरावा म्हणून धरू नकोस, त्यात तूच दिसशील.

केतकी_लिहिते (रविवार, रात्री ८:५०)

संस्थापकांनी व्हॉट्सॲपवरची आठ उत्तरं काढून दिली, नावं खोडून. एक जसंच्या तसं, त्यांच्या परवानगीने:

"मोटर जळली आहे, दुरुस्त होणार नाही. नवीन गुरुवारी बसवू. तोवर यंत्र बंद ठेवा, झाकण उघडून टाकीतलं पाणी घेऊ नका. चूक आमची आहे, मागच्या भेटीत लक्षात यायला हवी होती."

एजन्सीच्या ठरीव उत्तराची सुरुवात होती, "आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत", आणि काय बिघडलं ते चौथ्या वाक्यात. इथे उलटं आहे. आधी काय झालं, मग केव्हा नीट होईल, मग काय करू नका, शेवटी चूक एकदाच कबूल. आठपैकी सहा उत्तरांचा क्रम हाच आहे. उरलेल्या दोनांत चूक कंपनीची नव्हती.

पडद्यामागची (रविवार, रात्री ९:३०)

"पाणी घेऊ नका" पाहिलंत ना? ब्लॉगमधली तीच सवय, सूचनेबरोबर मर्यादा. प्रसंग बदलला, सूर उतरला, सवय तीच राहिली. गाइडमध्ये ही दोन उदाहरणं शेजारी ठेवा. व्हॉइस आणि टोन यांतला फरक नव्या लेखकाला मग वेगळा समजवावा लागणार नाही.

केतकी_लिहिते (बुधवार, संध्याकाळी ७:१५)

दोन पानांचं गाइड घेऊन दुसरी चाचणी केली, ती लिहिते, कारण तीत नवी चूक सापडली.

त्याच दोन सहकाऱ्यांना एकच काम दिलं: पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर काय करायचं यावर दीडशे शब्द. मग तीन जुने परिच्छेद आणि तीन नवे, नावाशिवाय, उलटसुलट लावून कंपनीतल्या चार जणांना दिले. नवं कुठलं ते ओळखा असं मुद्दाम विचारलं नाही, नाहीतर लोक कोडं सोडवायला बसतात. फक्त "आमचं वाटत नाही" त्यावर गोल करा म्हटलं.

एका नव्या परिच्छेदावर चौघांनीही गोल केला. त्यात "गरज नाही" तीनदा आलं होतं. माझ्या सहकाऱ्याने सवय अचूक पकडली आणि प्रत्येक वाक्याला जोडली, आणि ते नकलेसारखं वाटायला लागलं. चूक गाइडची होती. सवय कुठली ते मी लिहिलं होतं, पण ती किती वेळा आणि कुठे येते ते लिहिलंच नव्हतं.

इथे अनुस्वार यांची मोजणी कामाला आली. संस्थापकांच्या १२ तुकड्यांत सूचनावजा वाक्यं मोजली: ६४. त्यांतल्या १९ वाक्यांनाच मर्यादा जोडलेली आहे. आणि ती १९ कुठली ते पाहिलं, तर जवळजवळ सगळी ग्राहकाचा वेळ किंवा पैसा जाईल अशा सूचनांची: भाग बदला, माणूस बोलवा, काहीतरी विकत घ्या. "नळ बंद करा" अशा साध्या सूचनेला ते कधीच काही जोडत नाहीत. गाइडमधलं वाक्य आता असं आहे: "ग्राहकाचा वेळ किंवा पैसा जाणार असेल तेव्हाच सूचनेची मर्यादा सांगा, आणि छोट्या लेखात एकदाच." नव्याने लिहून घेतलेल्या परिच्छेदांवर चौघांपैकी एकानेच गोल केला, तोही "गढूळ" या शब्दासाठी. ते "मातकट" म्हणतात. शब्दांच्या यादीत टाकला.

अनुस्वार (बुधवार, रात्री ८:००)

६४ पैकी १९ हे मला स्क्रिप्टने कधीच मिळालं नसतं, कारण कुठलं वाक्य सूचना आहे हे तुम्ही वाचून ठरवलंत. माझा ११ शब्दांचा नियम मी त्या क्लायंटच्या गाइडमधून काढायला सांगतोय. तो मजकूर मलाही अलीकडे सपाट वाटत होता.

शुद्धाक्षर (बुधवार, रात्री ८:४०)

"आपण" की "तुम्ही" याचं काय ठरलं? मला ग्राहकाला "तुम्ही" म्हणणं खटकतं. आपण हेच आदराचं.

केतकी_लिहिते (बुधवार, रात्री ९:०५)

नाही ठरलं अजून. संस्थापक सगळीकडे "तुम्ही" लिहितात. विक्रीप्रमुखांना "आपण" हवंय, त्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच. ते चुकीचे आहेत असं मला म्हणवत नाही. पण एक अडचण त्यांना दाखवली: "आपण फिल्टर बदलू" यात "आपण" म्हणजे कंपनी आणि ग्राहक मिळून. "आपण फिल्टर बदलावा" यात नुसता ग्राहक. एकाच ईमेलमध्ये दोन्ही आले की काम कुणी करायचं तेच कळत नाही, आणि देखभालीच्या मजकुरात हे दोन्ही सतत येणार.

मोकळी_ओळ (बुधवार, रात्री ९:५०)

माझी शंका याहून मोठी आहे. १७ पैकी १२ तुकडे एका माणसाचे. तुम्ही कंपनीचा व्हॉइस काढलात की संस्थापकांचा? उद्या ते बाजूला झाले आणि नवे लोक आले, तर हे गाइड त्यांच्या सवयींचं जतन करत बसेल. त्या कर्मचारीचा "कधी येऊ?" मला जास्त आजचा वाटतो.

जुनी_वही (बुधवार, रात्री १०:३५)

शंका रास्त आहे आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी दोन गोष्टी बघते. संस्थापकांची सवय दुसऱ्या कुणी, न सांगता, उचलली आहे का? केतकी, तिच्या त्या पाच तुकड्यांत सूचनेबरोबर मर्यादा येते का ते पाहा. आली तर ती कंपनीत मुरली आहे. नाही आली तर ती एका माणसाची आहे, आणि ठेवायची की नाही हा निर्णय क्लायंटचा. तू घेऊ नकोस. दुसरं, गाइडवर तारीख घाल आणि ते बदलायचा अधिकार कंपनीतल्या कुणाकडे आहे त्या व्यक्तीचं नाव घाल.

केतकी_लिहिते (गुरुवार, सकाळी ९:२५)

पाहिलं. पाचपैकी दोनांत आहे. "तंत्रज्ञ येईल तेव्हा कुणीतरी मोठं माणूस घरी हवं, यंत्राची कागदपत्रं शोधत बसू नका." दुसरंही असंच. दोन म्हणजे मुरलं म्हणायचं की योगायोग, मला ठरवता येत नाही. तिच्या बाकीच्या ३७ तुकड्यांतही मोजायला घेतेय. "आपण-तुम्ही"सोबत हा आकडाही सोमवारच्या बैठकीत ठेवेन. गाइडच्या दुसऱ्या पानाचा तळ त्या दोन गोष्टींसाठी कोरा सोडला आहे.